चालू डेटाबेसची नक्कल

जरीपटक्यातल्या एका विवाह मंडळाचा संगणक मी सांभाळत असे. रोज दुपारी बारा वाजता डेटाबेसचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचो. त्याला वीसेक मिनिटं लागत. तेवढ्यात मंडळातल्या दोघी बाया स्थळांची माहिती भरतच असायच्या. त्यांना थांबवायचं मला कधी सुचलं नाही. बॅकअप आहे, एवढा अभिमान मात्र पुरेपूर होता.

एका मंगळवारी चारच्या सुमारास मशीनची डिस्क बंद पडली. मी ऐटीत दुसरं मशीन मांडलं, फोल्डर त्यात टाकलं. डेटाबेस सुरूच होईना. मिहानमधल्या एका कंपनीत हेच काम करणाऱ्या मित्राला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालू डेटाबेसच्या फायली कॉपी करून राहिला होता तू?"

मी हो म्हटलं. त्याने समजावलं की पहिली फाईल बाराची, शेवटची बारा वीसची. मधल्या वेळात झालेली नोंद एका फायलीत पोचते, दुसरीत नाही. काही तर अजून मेमरीतच असते. नकलेतल्या फायलींचा एकमेकींशी मेळच बसत नाही. त्याने डेटाबेस कसाबसा जबरदस्तीने उघडून दिला आणि बजावलं, यातून वाचता येईल तेवढं वाच, पण भरवसा ठेवू नको.

मी मंडळाच्या मालकीणबाईंना फक्त 'उघडला' एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उमरेडच्या एका घरी फोन लावला, मुलीसाठी उत्तम स्थळ आलंय म्हणून. तिचं लग्न झाल्याचं त्या घरानं मंगळवारी दुपारीच कळवलं होतं, आणि नोंद नेमकी माझी कॉपी चालू असताना झाली होती. मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "जावई इथंच जेवून राहिले. त्यायलेच विचारू का?"

बाईंनी फोन ठेवला. माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "काहून गा, तू म्हणला होता ना, उघडला म्हणून?"

नशिबाने कागदी अर्ज कपाटात होते. नऊ दिवस आम्ही तिघं एकेक नोंद ताडून नव्याने भरत बसलो. दोघी बाया माझ्याशी अर्जापुरतंच बोलत.

त्यानंतर मित्राने डेटाबेसचीच बॅकअपची आज्ञा बसवून दिली. ती चालू असताना बाया खुशाल लिहीत राहतात. बॅकअपमध्ये मात्र ती सुरू झाली त्या एका क्षणाचं पूर्ण, जुळतं चित्र येतं. आणि तो बॅकअप दर शनिवारी जुन्या मशीनवर उघडून बघायचा, हे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

पहिल्या शनिवारी मालकीणबाई स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी आपल्या भाच्याचं नाव शोधायला लावलं. सात वर्षं तो मुली नाकारत होता. त्याची नोंद जशीच्या तशी निघाली, अटींच्या लांबलचक यादीसकट.

"हा काही जात नाही," त्या निराश होऊन म्हणाल्या आणि चहा सांगायला उठल्या.