गुरुवारी बंद पडलेला राऊटर

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी, आम्ही दोघीच राहतो. आई ऐंशीच्या पुढची, पडून मांडीचं हाड मोडल्यापासून वॉकरवर. मी सकाळी एका कॉलेजच्या ग्रंथालयात जाते आणि जेवायच्या वेळेला परत येते. तेवढा वेळ कामाच्या बाई येऊन-जाऊन असतात. माझा मोठा भाऊ गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे. आई पडली तेव्हा तो धावत आला, महिनाभर राहिला आणि जाताना हॉलमध्ये आईच्या पलंगासमोर कॅमेरा बसवून गेला. राऊटरही नवा आणला. "जुन्यावर कॅमेरा टिकायचा नाही. तू काही बघू नकोस, मी सगळं तिकडून सांभाळीन," असं म्हणाला. मला बरंच वाटलं. एक तरी गोष्ट कोणीतरी दुसरं सांभाळतंय.

कॅमेऱ्याबद्दल मी त्याला तेव्हाच विचारलं होतं. "दादा, यात आवाज येतो का? आम्ही घरात काहीही बोलत असतो."

"आवाज बंद केलाय. नुसतं चित्र. आई पडली तर कळावं एवढंच."

मी त्यावर विश्वास ठेवला. भावाच्या शब्दावर पुरावा कोण मागतं?

त्या गुरुवारी मी रजा घेतली होती. दुपारी चार वाजता आईच्या फिजिओथेरपिस्टबाई व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घेणार होत्या आणि आईला धरायला कोणीतरी हवं होतं. सकाळी उशिरा लाईट गेली. गुरुवारी पुण्यात लाईट गेली तर कोणी चौकशी करत नाही. दुरुस्तीचं काम असतं, मेसेजही येऊन गेलेला असतो. दुपारी लाईट आली. पंखा फिरायला लागला, फ्रीज गुरगुरला. मी फोन उघडला तर वायफायचं नावच दिसेना.

राऊटर टीव्हीच्या कपाटावर असतो. एरवी त्यावर हिरव्या दिव्यांची ओळ असते. त्या दिवशी सगळे दिवे विझलेले, फक्त पॉवरचा दिवा संथपणे लागत होता, विझत होता. मी बटण बंद करून चालू केलं. तेच. वायर काढून थोडा वेळ थांबून परत लावली. तरी तेच. इंटरनेटवाल्यांना फोन केला. तिथल्या माणसाने भिंतीवरच्या त्यांच्या छोट्या पांढऱ्या खोक्यावर कुठले दिवे लागलेत ते विचारलं आणि म्हणाला, "मॅडम, आमची लाईन ओके आहे. तुमचा राऊटर गेलाय. तो आमचा नाही."

फिजिओबाईंची वेळ जवळ येत होती आणि आमच्या तळमजल्यावर मोबाईलचं नेटवर्क इतकं रडकं की व्हिडिओत माणसाचे ओठ हलायच्या आत वाक्य संपलेलं असतं. शेवटी मी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हाक मारली. ते एका कंपनीच्या नेटवर्कचं काम घरून करतात. सोसायटीच्या सभेत सर्वांत कमी आणि सर्वांत टोचरं बोलणारे गृहस्थ. लॅपटॉप आणि एक वायर घेऊन ते खाली आले आणि कपाटासमोर उभे राहून दिव्याकडे बघत राहिले.

"अपडेट कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"कसलं अपडेट?"

"फर्मवेअरचं. म्हणजे राऊटर ज्याच्यावर चालतो ती आतली प्रणाली. नवी आली की जुनीच्या जागी लिहिली जाते."

"कोणी नाही. नुसती लाईट गेली होती."

"लाईट दर गुरुवारी जाते. म्हणून दर गुरुवारी राऊटर मरत नाहीत." त्यांनी चष्मा वर केला. "लिहिणं चालू असताना लाईट गेली तर असं होतं. अर्धं लिहिलं गेलं, अर्धं राहिलं. आता सुरू होताना त्याला चालवायला धड काही सापडत नाही. पण सुरुवातीचा एक छोटा भाग शाबूत आहे. दिवा असा संथ लागतोय म्हणजे तो भाग म्हणतोय, मला नवी फाईल द्या. अजून जिवंत आहे. पण हे आपोआप झालेलं नसावं. आपल्याकडे कोणाकडे याचं ॲप आहे का?"

"माझ्या भावाकडे. पण तो अमेरिकेत आहे."

"ॲपला त्याचं काही वाटत नाही," ते म्हणाले.

त्यांनी राऊटर उलटा करून मागच्या स्टिकरवरचं मॉडेल आणि त्याखालची आवृत्ती वाचली. मॉडेल तेच पण आवृत्ती वेगळी अशी फाईल घातली तर उरलंसुरलंही जाईल, म्हणाले. मग बाल्कनीत जाऊन स्वतःच्या मोबाईलवरून नेमकी फाईल लॅपटॉपवर उतरवून घेतली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा.

"अगं, घरी काय झालंय? कॅमेरा दिसत नाहीये."

मी घड्याळाकडे पाहिलं. तिकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते.

"तू एवढ्या रात्री जागा?"

"झोप येत नव्हती. राऊटर चालू आहे का? पॉवरचा दिवा कसा आहे, ब्लिंक होतोय?"

मी त्याला दिव्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

"दादा, तू अपडेट लावलं होतंस का?"

तो म्हणाला, "कॅमेरा सारखा तुटत होता म्हणून लावलं. तू ग्रंथालयात असशील, तुला त्रास नको म्हटलं. साठ टक्क्यांवर जाऊन अडकलं. लाईट गेली का तिथे?"

"आज गुरुवार आहे."

"अरे देवा," तो म्हणाला. "माझ्याकडे बुधवारच होता."

इथपर्यंत मला रागसुद्धा आला नव्हता. बिचारा आईच्या काळजीने पहाटेपर्यंत जागा राहिला, असंच वाटत होतं. मी म्हटलं, होतील ते प्रयत्न चालू आहेत, तू झोप. तर तो म्हणाला, "नाही, हे आजच नीट व्हायला हवं. पुढच्या महिन्यात तू आठ दिवस हिमाचलला जाणार. तेव्हा मला इथून सगळं बघता आलं पाहिजे."

हिमाचलचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. जायचं की नाही हेच ठरलं नव्हतं. आदल्या रविवारी मैत्रिणीशी फोनवर बोलले होते, हॉलमध्ये, आईच्या उशाशी बसून तिच्या केसांना तेल लावताना.

"तुला कोणी सांगितलं?"

"आई म्हणाली असेल."

मी आईकडे वळले. ती उशीला टेकून सगळं ऐकत होती. "आई, तू दादाला हिमाचलचं सांगितलंस?"

आईने नजर चादरीवर वळवली. ती खोटं बोलायला कधी शिकली नाही. "मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "त्यानेच ऐकलं असेल."

फोन माझ्या हातात तसाच होता. शेजारचे गृहस्थ वायर जोडता जोडता थांबले, मग मान खाली घालून जोडत राहिले. दादा तिकडून "हॅलो, हॅलो" करत होता. "ऐकतोस तू आमचं?" एवढंच मी विचारलं.

"अगं, चोरून वगैरे नाही. आईची हाक ऐकू यायला नको का? सुरुवातीला बंदच होता आवाज. मग चालू केला."

"मला सांगितलं नाहीस."

"तू उगाच विचार करत बसली असतीस."

मी फोन बंद केला. त्या हॉलमध्ये वर्षभर मी काय काय बोलले होते ते आठवायला लागले. दादा फक्त फोन करतो, येत नाही, हेही बोलले होते. एकदा नुसती रडले होते, कारण काही नव्हतं. ते सगळं त्याने ऐकलं असेल आणि तरी दर रविवारी फोन करून मला विचारत होता, "काय, बरं चाललंय ना?"

शेजाऱ्यांनी विचारलं, "पुढे करू, की नंतर येऊ?"

"करा," मी म्हटलं.

त्यांनी लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, राऊटर थेट वायरने जोडला आणि लॅपटॉपला हाताने एक आकड्यांचा पत्ता दिला, दोघांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. मागच्या बारीक भोकात पिन दाबून धरून राऊटर चालू केला, दिवा परत तसाच संथ लागू-विझू लागल्यावर पिन सोडली आणि फाईल पाठवली. "आता कोणी बटणाला हात लावू नका. लाईटवाल्यांनाही सांगता आलं तर बघा." थोड्या वेळाने राऊटर आपणहून बंद होऊन सुरू झाला. दिवा स्थिर झाला, मग एकेक करून बाकीचे दिवे लागले. फोनवर आमच्या वायफायचं नाव आलं.

"जुन्या सेटिंग्ज टिकल्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे ॲपही परत चालेल. ठेवायच्या?"

"पुसता येतील?"

"रीसेट केला की सगळं जातं. मग इंटरनेटवाल्यांकडून युजरनेम-पासवर्ड घ्यावा लागेल आणि नवा पासवर्ड ठेवावा लागेल. तो ज्याला द्याल त्यालाच."

"पुसा."

त्यांनी सगळं नव्याने लावून दिलं, चहासुद्धा न घेता गेले. फिजिओबाई उशिरा का होईना दिसल्या. मी आईला धरून उभी होते, ती पाय उचलत होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

कॉल संपल्यावर मी कॅमेऱ्याची वायर काढली. तेव्हा आई रडायला लागली.

"ते काढू नकोस गं. तू कॉलेजला गेलीस की तो बोलतो माझ्याशी त्याच्यातून. रोज. त्याची तेव्हा रात्र असते. जेवताना त्या डबीतून गप्पा मारतो."

"रोज? आणि तू मला एकदाही बोलली नाहीस?"

"तोच म्हणाला, हिला सांगू नकोस, हिला वाटेल आपल्यावर पाळत ठेवतो." मग हळू आवाजात म्हणाली, "मला फोन हातात धरवत नाही ना."

दादाने लपवलं ते मी समजू शकत होते. लांब राहणारा माणूस असं काहीतरी करतो. पण आईला मी रोज न्हाऊ घालत होते, माझ्या बोटांना तिच्या केसांचं तेल होतं, आणि तिने त्या डबीशी वर्षभर संगनमत केलं. माझ्यासमोर माझी बाजू घ्यायची आणि मी दार ओढून घेतलं की त्याची व्हायची. एकाच छताखाली राहून मला एकटीलाच बाहेर ठेवलं होतं.

कॅमेरा काही दिवस बंदच राहिला. आई जेवेना, बाईंवर चिडचिड करू लागली. शेवटी मीच माझ्या नावाने खातं उघडून तो परत जोडला. मी घरी आले की बंद करते, ग्रंथालयात निघताना चालू करते. दादाला त्याचा वापर दिला, राऊटरचा नाही. त्याने "थॅंक्स" लिहिलं. दुसरं काही लिहिलं नाही, माफीही नाही. हिमाचलला मी गेले नाही.

परवा थोडी लवकर परतले. दाराबाहेर चप्पल काढताना आतून हसणं ऐकू आलं, आईचं आणि त्या डबीतून त्याचं. कित्येक दिवसांत आई माझ्यासमोर तशी हसली नव्हती. मी कुलूप उघडलं, किल्ली वाजली, आणि दोघंही एकदम गप्प झाले.