खांद्यावरची बोटं

मला पदवी मिळाली त्या दिवशी मुरबाडच्या कॉलेजबाहेर आमचा घरच्यांचा एक फोटो निघाला. बाबा, आई, मी, माझ्या मागे दादा आणि अगदी कडेला वहिनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दादा आठवीनंतर भातगिरणीत लागला आणि मी शिकत राहिलो. फोटो काढताना त्याने मागून माझ्या खांद्यावर हात टाकला होता. आई शेजारी असताना नवऱ्याला खेटून उभं राहायचं नाही, म्हणून वहिनी त्या टोकाला गेली होती.

पुढच्याच पावसाळ्यात दादाने कावीळ अंगावर काढली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी वहिनी शेणव्याहून शहापूरला, मी काम करतो त्या स्टुडिओत आली. मोबाइलमधला तोच फोटो पुढे धरून म्हणाली, "भावजी, याच्यातली सगळी सुटी करता येतील?"

"येतील की. कशाला?"

"घरात लावायला फ्रेम करायची. सगळी पायजेत. फक्त..." ती शेजारच्या खुर्चीकडे बघत बोलली, "मला त्यांच्या बाजूला उभी करा. आमचा दोघांचा एक पन फोटो नाय."

मी हो म्हटलं. रोज लग्नाच्या बॅनरसाठी माणसं कापतो, हे काय अवघड, असं वाटलं होतं.

कॉम्प्युटरवर मागचं झाड आणि भिंत एका क्लिकमध्ये निघून गेली. पण माणसं एकमेकांना चिकटलेलीच राहिली. मशीनला ती पाच जणं एकच वस्तू वाटतात. म्हणून प्रत्येकाच्या कडेने पेन टूलने रेघ फिरवत एकेकाला वेगळ्या लेयरवर, म्हणजे स्वतंत्र थरावर, घेतलं. आईच्या पदराची कड, बाबांची टोपी, वहिनीचे भुरभुरणारे केस. ज्याच्यामागे रिकाम्या जागेच्या करड्या-पांढऱ्या चौकटी दिसल्या तो सुटा झाला.

दादा मात्र सुटेना. त्याचं अर्धं अंग माझ्यामागे होतं आणि हात माझ्या पाठीआड. दिसत होती ती फक्त माझ्या खांद्यावरची चार बोटं. त्याला कापलं की एका बाजूने तो अर्धाच राहायचा आणि बोटं माझ्याकडे उरायची.

"एआयला सांग, हात बनवून देईल," शेजारच्या मशीनवरचा सहकारी म्हणाला. त्याने करूनही दाखवलं. गोरागोमटा, गुळगुळीत हात आला. दादाच्या मधल्या बोटाचं नख गिरणीच्या पट्ट्यात सापडून वाकडं झालं होतं. मी म्हटलं, "राहू दे. हा त्याचा नाही."

मग सुचलं. मी जिथे उभा होतो तिथेच वहिनीला ठेवायचं. दादाचं जेवढं अंग माझ्याआड होतं, तेवढं तिच्याआड जाईल. बोटं वेगळी कापली, तिच्या खांद्यावर ठेवली आणि खाली पुसट सावली दिली, नाहीतर ती चिकटवल्यासारखी दिसतात. हात बसला.

राहिलो मी, वहिनीच्या जागी कडेला. माझ्या खांद्यावर बोटांच्या जागी भोक पडलं होतं. बाजूचं शर्टाचं कापड कॉपी करून मी ते बुजवलं. दादाचा हात तिथे कधी नव्हताच, असा खांदा तयार झाला. सहकाऱ्याने चहा आणून ठेवला होता. तो तसाच गार झाला.

वहिनी बघायला आली. स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली.

"हा हात काम्प्युटरचा हाय?"

"नाय वयनी. त्याचाच. नख बघ."

तिने नखावर बोट ठेवलं, तशी स्क्रीनवर घामाची खूण उमटली. अचानक तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "भावजी, मला जरा बाजूला सरकवा."

"का? तूच म्हणाली होतीस ना?"

"आयच्या म्होरं रोज भिंतीवर असं बरं दिसंल काय? तिला काय वाटंल?"

मी तिला सरकवलं. दादाचं अंग पुन्हा अर्धं झालं, बोटं हवेत राहिली. तीही ते बघत होती.

"तुमचा हात तुमाला घ्या," ती म्हणाली. "तुमालाच उभं करा तिथं. मी होते तिथं बरी हाय."

मी स्वतःला परत दादापुढे आणलं, बुजवलेलं कापड काढलं आणि बोटं माझ्या खांद्यावर ठेवली. इतकं सगळं सुटं करून फोटो जसा होता तसाच झाला. फक्त मागचं झाड नव्हतं. मला रडू आलं. मी माऊस सोडून खिडकीकडे वळलो.

फ्रेम कागदात गुंडाळून देताना तिने हळूच विचारलं, "ती आधीची... बारकी एक निघंल? कपाटात, साड्यांच्या खाली ठेवीन."

पासपोर्टएवढी काढून दिली. मोठी फ्रेम तिने काखेत धरली. बारका फोटो रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून ती शेणव्याच्या गाडीकडे चालू लागली.