मोमीन साहेबांचं टेबल

सरकारी कर्मचाऱ्यांचा संप मिटला आणि सुमन गांगुर्डे पुन्हा कोषागाराच्या पायऱ्या चढली, तेव्हा तिला वाटलं, आपण चुकून परक्या कचेरीत आलो. माणसं तीच होती, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. संपात उतरलेले खिडकीकडच्या बाजूला बसत. जे कामावर येत राहिले होते, ते भिंतीकडे. मधली वाट जणू नदीच झाली होती. पुंजाराम आहेर आणि सहादू बोरसे एका डब्यात जेवणारी माणसं, पण पुंजाराम संपाचा पुढारी आणि सहादू रोज हजर; आता एकमेकांचं पाणीसुद्धा घेत नव्हते.

त्यात अठ्ठ्याहत्तरचा मार्च तोंडावर आलेला. हिवाळ्यात कामच झालं नव्हतं, म्हणून जिल्ह्यातल्या साऱ्या खात्यांची बिलं एकदमच येऊन पडत होती. एकतीस मार्चच्या आत बिल मंजूर झालं नाही तर त्या कामाचं अनुदान परत जातं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण हात कमी, काही जागा रिकाम्या आणि मनं फाटलेली.

कोषागार अधिकारी इब्राहिम मोमीन मालेगावचे. उंच, बारीक, बोलायला कंजूष. संपाच्या काळात अधिकारी म्हणून ते एकटे केबिनमध्ये बसत, असं सुमनने ऐकलं होतं. एका सकाळी शिपाई काळू येऊन म्हणाला, "साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलंय." आता झाडाझडती होणार, या हिशेबाने सगळे दोन्ही भिंतींना टेकून उभे राहिले.

साहेब मधोमध आले. हातात कागद नव्हता.

"जे परत आले, त्यांचं स्वागत," ते म्हणाले. "जे इथेच होते, त्यांचंही. तुम्ही बाहेर होता तेव्हा मी रोज सकाळी कुलूप उघडायचो. कुलूप उघडता यायचं, कचेरी काही उघडायची नाही. ती तुमच्याशिवाय उघडत नाही, हे मला तेव्हा कळलं. आधी कळायला हवं होतं."

"माझे वडील माग चालवायचे. धागा तुटला की ते कुणामुळे तुटला हे विचारत नसत. गाठ मारायचे आणि माग सुरू करायचे. विचारायला वेळ असतो कुणाला, मागावर अर्धं कापड असताना? हरसूलच्या दवाखान्याचं औषधांचं बिल या ढिगात कुठेतरी आहे. ते राहिलं तर पावसाळ्यात तिथल्या आजाऱ्याला संपाचं कारण सांगून चालणार नाही."

मागून पुंजारामचा आवाज आला, "साहेब, बोलणं बरोबर आहे. पण बिल ऑडिटरकडून अकाउंटंटकडे, तिथून तुमच्या केबिनमध्ये, मग परत. वाटेतच दिवस जातो. त्यात माणसं कमी. भाषणाने ते कसं भरून निघायचं?"

साहेब मात्र रागावले नाहीत.

"खरंय," ते म्हणाले. "म्हणून आजपासून मी इथे बसतो, तुमच्या मधे. सही समोर होईल. आणखी एक. ज्या बिलावर आक्षेप असेल, त्यातले सगळे आक्षेप एकदाच लिहा. आज एक, चार दिवसांनी दुसरा, असं नको. आणि ज्यांना लांबची एसटी गाठायची असते, त्यांनी वेळेवर निघायचं. त्यांचं काम मी बघेन."

एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले आणि कोट खुंटीला टांगून टेबलाची एक कड उचलू लागले. सागवानी टेबल. काळू धावला, तरी ते दाराशी अडकलं. सहादू भिंत सोडून पुढे झाला. मान खाली घालून पुंजारामनेही चौथा कोपरा धरला.

"आडवं घ्या," सहादू म्हणाला.

"घेतो," पुंजाराम म्हणाला. दोघांमधलं संपानंतरचं हे पहिलं बोलणं.

टेबल मधल्या वाटेत येऊन टेकलं. सुमन बघत राहिली. ओरडून हुकूम सोडणारे साहेब तिने पाहिले होते. स्वतःची जागा उचलून माणसांत आणणारा पाहिला नव्हता. उरुसातल्या गर्दीत अचानक सगळे गप्प व्हावेत, तसं काहीतरी तिला वाटलं, आणि का वाटलं ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही.

पुढचे आठवडे कामाने अंग पिळून निघालं. चिडचिड झाली, एकदा पुंजाराम आणि सहादू बिलांना दिलेल्या टोकन क्रमांकांच्या गोंधळावरून कडाकडा भांडलेसुद्धा. पण भांडले ते समोरासमोर आणि लगेच गोंधळ निस्तरायला बसले. हरसूलचं बिल सुमनच्याच हाती लागलं. ऑडिटर म्हणून तिने ते तपासलं, अकाउंटंटने पाहिलं, साहेबांनी हात लांबवून सही केली.

मार्च सरला, तेव्हा ढिगात आक्षेप असलेली थोडी बिलं उरली. नियमात न बसणारी. बाकी सगळी गेली होती. त्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. निरोपाला ते दोनच वाक्यं बोलले आणि सगळ्यांच्या मधे खुर्चीवर बसून चहा प्यायले.

त्या दिवशी घरी गेल्यावर सुमन साहेबांबद्दलच बोलत राहिली, तेव्हा सासूने विचारलं, "एवढं काय होतं गं त्या माणसात?"

सुमन भाकरी थापता थापता थांबली. "आई, साहेबासारखं काही नव्हतं," ती म्हणाली. "म्हणूनच तर."