डब्यातला काडेपेटीचा वास

चार्जर लॅपटॉपला लावला की त्याला थोडं वर दाबून धरावं लागत होतं, तेव्हा कुठे दिवा पेटायचा. मी मोबाइलचा उजेड पाडून त्या भोकात बघितलं. आतल्या पितळी पट्टीवर हिरवट बुरा चढला होता. देवघरातला तांब्या आठवडाभर घासला नाही की येतो ना, तसाच.

हा लॅपटॉप माझा नव्हता, पुण्याच्या ऑफिसचा होता. आधीचा मागच्या पावसाळ्यात गेला. आमचं घर नाशिकजवळच्या मखमलाबादच्या शिवारात, तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा, आणि आषाढ लागला की मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावला तरी ओल हाताला येते. त्याच भिंतीला टेकलेल्या कपाटात तो कापडी पिशवीत असायचा. कीबोर्ड आधी अडकायला लागला, मग पडदा काळा झाला. ऑफिसनं दुसरा पाठवला, पण साहेबीणबाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "हाही गेला तर घरून काम बंद. पुण्यात येऊन बसावं लागेल." पुण्यात बसायचं म्हणजे पोरीची शाळा सोडायची, नवऱ्याचं खताचं दुकान इथंच, आणि आम्ही दोघी मायलेकी तिकडे भाड्याच्या खोलीत. या एका यंत्रावर आमचं सगळं घर टांगलेलं होतं.

म्हणून मी या वेळी काय काय केलं नव्हतं! रबराची कड आणि चार बाजूंना खटके असलेला मोठा हवाबंद डबा आणला. तो भिंतीपासून हातभर लांब, पुढच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. तळाला फडकं अंथरलं आणि त्यावर निळ्या दाण्यांच्या पुड्या ठेवल्या. ते दाणे ओल शोषतात आणि पोट भरलं की गुलाबी होतात. गुलाबी झाले की स्वयंपाकातून काढून टाकलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर निळे होईस्तोवर तापवायचे, गार करायचे, परत डब्यात टाकायचे. काम संपल्यावर गरम लॅपटॉप लगेच कोंडायचा नाही, पंख्याखाली उघडा ठेवून निवू द्यायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तासभर चालू ठेवायचा, म्हणजे आतल्या उबेनं दमटपणा बाहेर निघतो. शेजारीण म्हणाली तांदळात पुरून ठेव. मी म्हटलं, बाई, तांदळाचा कोंडा आत गेला की निस्तरणार कोण?

एवढं करूनही बुरा! मग पाणी कुणीतरी सांडलंच असणार. माझा स्वभाव मुळात संशयी, आमच्याकडे यावरून माझी रोज टर उडते. नवरा म्हणतो, "हिला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं, नाशिकमधले निम्मे चोर आपण होऊन आत गेले असते." पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.

पहिला संशय सासूबाईंवर. त्यांना ओलं फडकं हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही. टीव्ही पुसतात, स्विचचं बटण पुसतात, मोबाइलसुद्धा एकदा नळाखाली धरला होता. जेवताना मी विचारलंच, "आई, तुम्ही माझा लॅपटॉप पुसला का हो?"

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "मी त्या डब्याला हात लावत नाय. तुझा डबा म्हंजे देव्हारा झालाय घरात."

"मग पाणी काय आभाळातून पडलं त्याच्यावर?"

"पावसाळा हाय, पडलं असंल!"

नवरा खाली मान घालून हसला, म्हणून मी त्याच्याकडे वळले. "आणि तुम्ही हसू नका. परवा क्रिकेट बघायला कुणी घेतला होता? चहाचा कप कुठे ठेवला होता?" त्याचं हसू गेलं. सासरे एका बाजूला शांतपणे दूधभाकरी कुस्करत होते. ते तसे कधीच मध्ये पडत नाहीत. आयुष्यभर द्राक्षात गेलेला माणूस, बोलणं कमी. मी काम करत असले की दारातून एकदा आत बघतात आणि निघून जातात. तेही मला तेव्हा खटकलं. एवढं काय बघायचं असतं?

दुसऱ्या दिवशी मी डब्याच्या एका खटक्यात काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला. खटका उघडला की तो पडणार. दुपारी मी पोरीला शाळेतून आणायला गेले आणि आल्यावर बघते तर दोरा टेबलाखाली! म्हणजे माझ्या पाठीमागे कुणीतरी डबा उघडत होतं. मी कुणाला काही बोलले नाही, पण चहात साखर विसरले, भाजी करपवली, पोरीवर उगाच खेकसले. घरातल्या प्रत्येकाकडे मी चोरासारखी बघत होते आणि ते सगळे माझ्याकडे वेड्यासारखे.

ऑफिसनं नेमून दिलेलं दुरुस्तीचं दुकान शहरात होतं. तिथला माणूस जे लिहून देईल ते पुण्याला जाणार. त्याच्यावरही माझा विश्वास नव्हता. आतली मेमरी काढून घेतली आणि जुनी बसवली तर मला काय कळणार? म्हणून मी स्टुलावर बसून त्याच्या हातांवरची नजर हलवली नाही. त्यानं मागचे स्क्रू काढले. त्यांच्या डोक्यांवरही गंज होता. "मॅडम, पाणी गेलंय," तो म्हणाला.

"पाणी गेलं तर कीबोर्डखाली डाग दिसले असते. तिथं तर कोरडं ठणठणीत आहे. गंज फक्त बाहेरच्या कडेनं कसा?"

त्यानं एक स्क्रू उजेडाला धरून बघितला. "ते खरंय. पण मला कारण लिहावं लागतं. पाणी नाही तर काय लिहू?" असं म्हणत त्यानं मागचं झाकण उचललं, आणि आतून एक वास आला. बारीक, झणझणीत, नाकात चढणारा. नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा.

हा वास मी कुठे घेतला होता? क्षणभर आठवेना, आणि मग एकदम आठवला. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या शेडमध्ये द्राक्षांचं पॅकिंग चालतं तेव्हा सगळी शेड या वासानं भरलेली असते. पेटी भरली की घडांवर एक पातळ कागदी पॅड घालतात. त्याच्या छोट्या छोट्या कप्प्यांत पांढरी पूड असते. द्राक्षांची ओल लागली की त्या पुडीतून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि परदेशी पोचेपर्यंत घडांना बुरशी धरत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही त्या शेडमध्ये उभी राहून पेट्या भरल्या होत्या, खोकून खोकून बेजार झाले होते. "आज काही लिहू नका," मी त्या माणसाला म्हटलं, "मी उद्या येते."

घरी आल्या आल्या मी डबा उघडला, तर तोच वास, जो मी इतके दिवस नव्या रबराचा समजत होते. मी डबा टेबलावर पालथा केला. पुड्या पडल्या, फडकं पडलं आणि फडक्याखालून तो पॅड पडला. बाजूचे कप्पे अजून पुडीनं भरलेले होते. झाकण इतकं घट्ट की वायूला बाहेर जायला फट नाही. मी उघडझाप करताना जी दमट हवा आत जायची तेवढी त्या पुडीला पुरत होती. मग तो वायू ओलीला धरून तांब्या-लोखंडाला खात बसायचा. म्हणजे मी जेवढं जपत होते तेवढं ते वाईट होत होतं!

आमच्या घरात हे पॅड एकाच माणसाच्या ताब्यात असतात. शेडच्या कुलपाची किल्ली सासऱ्यांच्या करदोड्याला असते. आणि मला काय वाटलं सांगू? सासऱ्यांनी मुद्दाम केलं. सुनेनं दिवसभर एका जागी बसून यंत्राशी बोलायचं, हे त्यांना पहिल्यापासून पसंत नसणार. म्हणून दारातून बघणं, म्हणून गप्प बसणं. रागानं माझे कान तापले. पॅड हातात धरून मी दारापुढच्या ओट्यावर गेले. ते मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत बसले होते.

"बाबा, हे तुम्ही ठेवलंत?"

त्यांनी मान वर केली आणि चक्क हसले. "सापडलं व्हय? म्या म्हनलं तुला कळू नये, नायतर नको म्हनशील. चार दिसाला बदलतो. जुना झाला की जोर कमी व्हतो त्याचा."

"पण का?"

"तू फोनवर बोलत व्हतीस ना, की ह्ये बी सडलं तर पुण्याला जावं लागंल, पोरीला घेऊन. म्या म्हनलं, द्राक्षं पार परदेशाला टवटवीत जात्यात त्याच्यानं, मंग ह्याला का सडू देईल?" त्यांनी सुई कापडात खोचली. "काय झालं? कमी पडतोय का? लय हायत शेडात."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि जमेल तसं सांगितलं, की द्राक्षाला जे तारतं तेच तांब्याला खातं, आणि डबा बंद असल्यामुळे ते सगळं लॅपटॉपवरच बसलं. ते ऐकत राहिले. दप्तराचा पट्टा हातातल्या हातात फिरवत राहिले. मग इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं.

"म्हंजे पोरीला मीच पुण्याला धाडत व्हतो."

मला रडू आलं, सरळ तिथेच, ओट्यावर. सासूबाई आतून धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं की काय.

सकाळी मी निघाले तर ते धुतलेली टोपी घालून गाडीपाशी उभे. दुकानात त्यांनी तो पॅड स्वतःच्या हातानं काउंटरवर ठेवला आणि त्या माणसाला म्हणाले, "लिवा साहेब, पाणी नाय सांडलं. सासऱ्यानं केलं. सुनेची काय चूक नाय. माझं नाव घाला खाली." त्या माणसानं नाव घातलं नाही, पण गंज द्रवामुळे नसून वायूमुळे आहे, असं स्पष्ट लिहिलं. स्पिरिटनं आतलं सगळं साफ केलं, चार्जिंगची जागा बदलली. पुण्याहून साहेबीणबाईंचा फोन आला. त्यांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या बराच वेळ हसल्या आणि घरून काम चालू ठेवा म्हणाल्या.

लॅपटॉप अजून चालतोय. डबा मी धुऊन उन्हात ठेवला, वास पुरता जाईस्तोवर वापरला नाही. दाणे तापवायचं काम आता सासऱ्यांनीच घेतलंय. जुन्या कढईपाशी बसतात, गुलाबीचे निळे होईपर्यंत हलवत राहतात आणि मुलीला रंग दाखवतात. दोरा मी केव्हाच फेकून दिला. पण दाणे गार झाले की सासरे वाटी घेऊन दाराबाहेरच थांबतात. स्वतः बांधलेल्या घरात, उंबऱ्याच्या पलीकडे उभे राहून मला विचारतात, "सूनबाई, डबा उघडू का?"