सरगुंड्यांना सरगुंडेच म्हणा

त्या दिवशी मी फोन केला नाही, कारण फोनवर माझं तोंड सुटतं. आधी कागदावर लिहून काढलं, दोनदा खोडलं, मग मोबाईलवर टाइप करून मॅडमना पाठवलं.

अमडापूरला बाजाराच्या मागच्या गाळ्यात आमची सहकारी संस्था आहे. सभासद बहुतेक बायका. हळद, तिखट, पापड, कुरडया, सरगुंडे असा माल त्या घरी करतात आणि संस्था विकते. मी व्यवस्थापक. मॅडम चिखलीच्या कॉलेजात शिकवतात. रविवारी स्वतःच्या खर्चाने येऊन सभासदांच्या मालाचे व्हिडिओ काढतात, त्यांना नावं देतात, खाली माहिती लिहितात. एक पैसा घेत नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर ओरडायची सोय नाही.

झालं ते असं. आमच्या एक सभासद वहिनी सरगुंडे करतात. मळलेल्या गव्हाच्या पिठाची दोरीसारखी लोळी बारीक काडीवर गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची आणि ती नळी वाळवायची. आमच्याकडे जावई आला की हे शिजवून वर तूप, सोबत आमरस किंवा गुळवणी. वहिनींचा हात असा, की सगळ्या नळ्या एका मापाच्या. मॅडमनी त्याचा सुरेख व्हिडिओ काढला आणि त्याला शीर्षक दिलं, ‘गावच्या चुलीवरचा देशी पास्ता’.

व्हिडिओ धावला. तो पाहून एका शहरातल्या हॉटेलवाल्याने मोठी मागणी दिली. वहिनींनी शेजारच्या दोघींना हाताशी घेऊन घरातला होता नव्हता तो माल भरला. हॉटेलवाल्याने पास्त्याच्या रीतीने तो सकाळीच उकडून ठेवला आणि दुपारी कढईत मसाल्यात परतला. त्याचा लगदा झाला. पास्त्याचा गहू वेगळा असतो, कडक. आमचे सरगुंडे उकडले की लगेच ताटात यायला हवेत. उरलेली पोती त्याने परत पाठवली. खालच्या पोत्यातल्या नळ्यांचा वाटेतच चुरा झाला.

वहिनी संस्थेत येऊन बसल्या. चहा घेतला नाही.

“भाऊ, मले खरं सांगा. माह्या सरगुंड्यात खोट होती काय?”

“नव्हती.”

“मंग वापस काऊन आले?”

मी सांगितलं. त्यांनी चुऱ्याच्या पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

“मी कधी म्हणलं पास्ता हाय म्हणून? मी तं तो खाल्ला बी नाही. आता असं करतो, बाजारातल्या त्या व्यापाऱ्यालेच देतो. तो भाव पाडते, पण वापस तं करत नाही. माहं नाव संस्थेतून काढा.”

तो व्यापारी कसा भाव पाडतो ते मला चांगलं माहीत आहे. मी हातगाडीवर कांदे विकून सुरुवात केली तेव्हा त्याच्याच दारात उभा राहायचो. पण जास्त लागलं ते दुसरंच. काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्याला एका प्रदर्शनात गाळा मांडला होता. तिथल्या एका साहेबांनी आमची पाटी उतरवून ‘ग्रामीण शेवया’ अशी लावली. म्हणाले, तुमचं ते नाव इथं कुणाला कळणार? दिवसभर लोक येत आणि शेवयांच्या भावाने मागत. मी भांडलो, गाळा आवरून निघून आलो. आमच्या बोलण्यावर तिथं जे हसले, त्यांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे आहेत. घासाघीस हा माझा धंदा आहे, त्यात मी हरत नाही. पण मालाचं नावच दुसऱ्याने ठेवलं, तर घासाघीस सुरू होण्याआधीच आपण अर्धे हरलेलो असतो.

हे सगळं मी मॅडमना लिहिलं नाही. लिहिलं ते कामाचं.

लिहिलं, की शीर्षकात पहिला शब्द मालाचा, त्याच्या खऱ्या नावाने, कारण फोनवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. मग काय दाखवलंय ते आणि गाव. ‘गरीब’, ‘माउली’, ‘जिद्द’ असले शब्द नकोत. दया आली की गिऱ्हाईक एकदाच घेतं आणि तेही भाव करून. खाली वर्णनात पहिल्या दोन ओळींत माल कशाचा आणि कसा मागवायचा ते यावं. बाकीचं लोक उघडून पाहतीलच असं नाही. त्याखाली शिजवायची रीत, कशासोबत खातात, किती टिकतं. सेंद्रिय म्हणायचं नाही, आपल्याकडे प्रमाणपत्र नाही. अमुक आजार बरा होतो असं तर मुळीच नाही. भाव लिहू नये, तो बदलतो आणि जुना व्हिडिओ तसाच राहतो. फोन नंबर संस्थेचा, बाईचा नाही. आणि शेवटी लिहिलं, की सरगुंड्यांना सरगुंडेच म्हणा.

मॅडमचा फोन आलाच.

“भाऊ, तुमचं सगळं मान्य. पण सरगुंडे हा शब्द शोधतंय कोण? ज्याला माहीतच नाही तो शोधणार कसा?”

“ज्याले माहीत हाय तो शोधीन. तो पुण्यात हाय, मुंबईत हाय, त्याची माय आता करत नाही. तो भाव नाही करत मॅडम. मी पंचवीस प्रकारचे गिऱ्हाईक पाहून राह्यलो.”

“आणि नाही शोधलं तर?”

“तं मी हाय शिव्या खायले.”

“तुम्ही शिव्या खाणारे वाटत नाही, देणारे वाटता,” त्या म्हणाल्या. मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

त्यांनी एक अट घातली. नवख्या माणसासाठी वर्णनात तिसऱ्या ओळीत लिहायचं, ‘गव्हाच्या पिठाच्या पोकळ, वाळवलेल्या नळ्या, पास्त्यासारख्या दिसतात, पण तशा शिजवू नयेत’. पास्ता हा शब्द पुन्हा ऐकून माझं डोकं तापलं. मग वाटलं, हॉटेलवाल्याने हे एक वाक्य वाचलं असतं तर पोती परत आली नसती. मी हो म्हटलं. शीर्षक झालं, ‘सरगुंडे: काडीवर वळण्यापासून ताटापर्यंत, अमडापूर’.

व्हिडिओ तोच होता, फक्त नाव बदललं. आता तो धावेना. वहिनींना मी एवढंच म्हटलं होतं, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा, मग नाव काढतो. त्या थांबल्या होत्या, पण काडी हातात घेतली नव्हती.

मग एका दुपारी संस्थेच्या नंबरवर एका बाईंचा फोन आला. माहेर आमच्याकडच्या सुलतानपूरचं, आता नाशकात. आखाजीला सरगुंडे हवे होते. वहिनी तिखटाचे पुडे घ्यायला आल्या होत्या, म्हणून मी फोनचा आवाज त्यांच्यासमोरच मोठा केला.

“काडी कशाची वापरता हो?” पलीकडून विचारलं.

वहिनी पुढे सरकल्या. “तुराटीची. तुरीची काडी सोलून, घासून घेतो.”

“माही माय बी तुराटीचीच घे. सुनेले दाखवाचे हायेत. ते म्हणते असं काही राहतच नाही.”

बाईंनी भाव विचारला. मी सांगितला आणि सवयीने घासाघिशीची तयारी केली. बाई म्हणाल्या, “बरं. पोत्यात नका भरू, डब्यात भरजा, तुटतात.” भाव न पाडता मागणी आली म्हणून वहिनींनी माझ्याकडे अशा नवलाने पाहिलं, की मी मान खाली घालून पत्ता लिहायला लागलो.

आखाजीपर्यंत तसे आणखी फोन आले आणि वहिनींनी पुन्हा काडी हातात घेतली. फोन फार नव्हते, पण माल परत कुणी पाठवला नाही. वहिनींचं नाव अजून सभासदांच्या यादीत आहे. पुढच्या रविवारी त्यांनी मॅडमना गाठलं.

“त्या खालच्या लिहिण्यात अजून एक टाका. डब्यात भरून देतो म्हणून. अन् आमरसाचं पहिले लिहा, गुळवणी मागून.”

“गुळवणी आधी का नको?” मॅडमनी विचारलं.

“आमरस असल्यावर गुळवणी कोण खाते बाप्पा?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माल त्यांचा आहे, त्या सांगतील तसं लिहा.