शून्यबाईंची काळी पट्टी

माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना ताई म्हणते, नर्सिंग कॉलेजात शिकवतात. त्यांच्या विद्यार्थिनी पाठीमागे त्यांना ‘शून्यबाई’ म्हणतात. हे नाव घरात मीच आणलं. मी त्याच इस्पितळाच्या औषधविभागात आहे आणि असल्या बातम्या घरी न्यायला मला कुणाच्या आग्रहाची गरज लागत नाही.

नाव चुकीचं नव्हतं. ‘१.०’ असं लिहिलेलं दिसलं की ताई पेटायच्या. “टिंब पुसट झालं की याचे दहा होतात. एक लिहायचंय तर एकच लिहा!” आणि ‘.५’ दिसलं तर त्याहून जास्त. “पुढचं शून्य काय माहेरी गेलंय?” घरी आलेल्या पत्रिका, बिलं, दीरांच्या चपलांचा खोका, सगळं त्या त्याच नजरेने वाचायच्या. दीर म्हणायचे, “हिने माझी जन्मतारीखसुद्धा दोनदा तपासून मग होकार दिला.”

त्यांच्या पर्समध्ये एक काळी पट्टी असायची, जुन्या एक्स-रे फिल्मची कापलेली. औषधांच्या मात्रेचा कुठलाही तक्ता तपासायला आला की त्या ती पट्टी उत्तरांच्या रकान्यावर ठेवायच्या, मूळ पुस्तक उघडायच्या, तक्त्यातलं वजन घ्यायच्या, गणित स्वतः करायच्या आणि मगच पट्टी सरकवायच्या. “दुसऱ्याचं उत्तर आधी दिसलं की डोळा आळशी होतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तपासणारी व्यक्ती दुसरी हवी, एवढं सगळेच पाळतात. तिने उत्तर न बघता तपासावं, हे फक्त ताई पाळायच्या. मी त्यांची थट्टा करायचे, पण माझ्या खिडकीतून जाणाऱ्या कागदावर त्यांची सही असली की मला निर्धास्त वाटायचं.

मग त्यांची लेक, माझी पुतणी, त्याच कॉलेजात शिकवायला लागली. अजून कायम झालेली नव्हती. तिला पहिलं मोठं काम मिळालं ते बालविभागाच्या नर्सेससाठी माहितीपत्रक करायचं. त्यात वजनाप्रमाणे मात्रेचे तक्ते होते. पोरीने ते फार देखणं केलं. रंगीत रकाने, ठळक आकडे. ताई ते जेवणाच्या टेबलावर मांडून बसल्या होत्या, आणि मी पाहिलं, पट्टी पर्समध्येच होती. मला हसू आलं. आवडतीचा शेंबूड गोड, असं मी म्हणालेसुद्धा. त्या म्हणाल्या, “गप गं. चार दाहे चाळीस, चाळीस दुणे ऐंशी. एक गणित चुकलेलं नाही माझ्या लेकीचं.” आणि सही केली.

गणित खरंच एकही चुकलेलं नव्हतं.

पत्रक बालविभागात लागलं. त्याचा फोटो नर्सेसच्या फोनवर फिरला. आठवडाही उलटला नसेल, दुपारी वॉर्डातल्या सिस्टरचा मला फोन आला. हृदयाचा आजार असलेलं चार किलोचं बाळ होतं. त्याला डिजॉक्सिन चालू होतं, हृदयाला जोर देणारं औषध. “बाळ दूध घेत नाहीये, सकाळपासून उलट्या करतंय,” सिस्टर म्हणाली. “औषध द्यायच्या आधी छातीला स्टेथोस्कोप लावून मिनिटभर ठोके मोजले. अठ्ठ्याऐंशी. शंभरच्या खाली असले की द्यायचं नाही, म्हणून थांबले. डॉक्टरांना बोलावलंय. तुमच्या बाटलीत काही गडबड नाही ना?”

मी बाटली पाहिली. एका मिलीत पन्नास मायक्रोग्राम, नेहमीचीच. विचारलं, “देतेस किती?”

“एका वेळी शून्य पूर्णांक आठ मिली. दोन वेळा.”

शून्य पूर्णांक आठ मिली म्हणजे चाळीस मायक्रोग्राम. दोन वेळा म्हणजे ऐंशी. एवढ्या बाळाला दिवसभरात चाळीस पुरे. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘रोज ४० मायक्रोग्राम, दोन भागांत.’ म्हणजे वीस आणि वीस. मी विचारलं, “चाळीस एका वेळी कुणी सांगितलं?” ती म्हणाली, “पत्रकात आहे ना. चार किलो, एका वेळी चाळीस. मला वाटलं, दोन भागांत म्हणजे दोनदा चाळीस. शून्यबाईंची सही आहे खाली.”

मी कॉलेजच्या इमारतीत धावत गेले. ताई वर्गात होत्या. माझं तोंड पाहून त्या बाहेर आल्या, ऐकलं, आणि खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. दर किलोला दहा मायक्रोग्राम, दर दिवशी, दोन भागांत. मग पत्रक. लेकीने तो ‘दर दिवशी’चा आकडा ‘एका वेळी’च्या रकान्यात घातला होता आणि पुढे दोनने गुणून ‘दिवसाची एकूण मात्रा’ काढली होती. प्रत्येक ओळीत. प्रत्येक वजनाला दुप्पट. ताईंनी आता पर्समधून काळी पट्टी काढली.

“आता कशाला?” मी ओरडले. मला फार राग आला होता, लपवत नाही.

“बाकीचंही असंच पाहिलं असणार ना मी,” त्या म्हणाल्या.

आणि खरंच, शेवटच्या रकान्यावर त्या अडकल्या. तिथे औषध किती मिली काढायचं ते होतं, पण वर छापलं होतं ‘मिलिग्राम’. ०.८ मिलिग्राम. एका मिलिग्रामचे हजार मायक्रोग्राम. म्हणजे आठशे, म्हणजे सोळा मिली. आधीच दुप्पट, त्याच्यावर वीसपट. वॉर्डातली सिस्टर अनुभवी, तिने बारीक सिरिंज हातात घेऊन तो आकडा मिली समजून वाचला म्हणून बाळ अजून जिवंत होतं. एखाद्या नवख्या मुलीने छापलंय तसंच धरलं असतं तर?

पुतणी दारात उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती भिंतीला टेकून खालीच बसली. “आई, मी मारलं का गं त्याला?” ताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “ऊठ. एकेका वॉर्डाला फोन लाव. सांग, पत्रक फाडा, फोटो पुसा, या तक्त्यावरून कुणाला काय दिलं ते कळवा. रडायचं नंतर.”

वॉर्डात बाळाच्या छातीला तारा लावल्या होत्या. डॉक्टरांनी औषध बंद केलं, रक्त तपासणीला पाठवलं, पोटॅशियम पाहायला सांगितलं. उतारा असतो, पण तो आमच्याकडे नव्हता. शहरातल्या प्रत्येक मोठ्या इस्पितळाच्या औषधविभागात मी ओळखीच्यांना फोन केले. कुणाकडेच नव्हता. एकाने ‘उद्या बघतो’ म्हटलं तेव्हा मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पडद्यावर ठोक्यांचा आकडा पंच्याऐंशी, ब्याऐंशी, परत पंच्याऐंशी. त्या आकड्याकडे बघण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही नव्हतं. वाट पाहायची, एवढंच औषध उरलं होतं.

बाळाची आई खाटेच्या कडेला उभी होती. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेली.

बाहेरच्या बोळात पुतणीने ताईंचा हात धरला. “आई, सांग ना, पुस्तकातच तसं छापलंय. मला काढून टाकतील.” मला वाटलं, ताई आता विरघळतील. लेकीपुढे त्या नेहमीच विरघळतात. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तू चुकलीस. चुकणाऱ्याला पकडायला मी होते. मी पट्टी काढली नाही.” मग आत गेल्या आणि त्या बाईसमोर उभ्या राहिल्या.

“तुमच्या बाळाला दुप्पट औषध गेलंय. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं. आमच्या कागदावर चुकीचं होतं, आणि तो कागद मी तपासला होता.”

बाईने ऐकलं. मग विचारलं, “तपासला म्हणजे काय केलं?”

आयुष्यभर वर्गात शिकवलेला प्रश्न होता तो. ताईंनी पर्समधून पट्टी काढून तिला दाखवली. “ही उत्तरावर ठेवून सगळं पहिल्यापासून करायचं असतं. मी ठेवली नाही. तक्ता माझ्या मुलीने केला होता.”

“आणि हा माझा मुलगा आहे,” बाई म्हणाली. एवढंच. ताई तिथून हलल्या नाहीत. तिने जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. त्या उभ्याच राहिल्या.

उतारा आलाच नाही. पण औषध हळूहळू अंगातून गेलं. ठोके नव्वदवर आले, मग शंभरच्या पुढे, आणि एका सकाळी बाळाने भूक लागली म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टर रडली, मी रडले. ताई रडल्या नाहीत. त्यांनी चौकशीच्या कागदावर तपासणारी म्हणून आपलं नाव आणि करणारी म्हणून लेकीचं नाव लिहिलं, आणि घरी येऊन दोन्ही मायलेकी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

पुढे डॉक्टरांनी तेच औषध बरोबर मात्रेत परत सुरू केलं आणि बाळ घरी निघालं. औषध आता आईला द्यायचं होतं. ते समजावायला ताईच पाहिजेत, असं तिने स्वतः सांगितलं. ताई नको म्हणत होत्या. “दुसऱ्या कुणालाही पाठव, मी आता एकही आकडा सांगणार नाही.” मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं.

बाईच्या हातात घरी द्यायचा कागद होता. तिने तो मांडीवर ठेवला आणि घट्टे पडलेल्या बोटांचा हात उत्तराच्या रकान्यावर दाबून धरला.

“आता करा,” ती म्हणाली.

चार दाहे किती, हे ताईंना आठवेना, शप्पथ. मागे पुतणी उभी होती, तिलाही मीच सोबत आणलं होतं. ताई बोटांवर मोजत सांगू लागल्या. चार किलो. दर किलोला दहा. दिवसाचे चाळीस मायक्रोग्राम. दोन भाग, एका वेळी वीस. एका मिलीत पन्नास, म्हणून वीसला शून्य पूर्णांक चार मिली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाचं शून्य पूर्णांक आठ मिली, त्यापलीकडे एक थेंब नाही.

बाईने हात उचलला नाही. पुतणीकडे बघून म्हणाली, “आता तुम्ही.”

पुतणीने सगळं पहिल्यापासून केलं, रडत रडत. शून्य पूर्णांक चार. तेव्हा बाईने हात उचलला, कागदावरचा आकडा पाहिला, आणि बाळाला उचलून निघाली. दारातून मागे वळून ताईंना म्हणाली, “ती काळी पट्टी मला द्या.”

ताईंनी पर्समधून काढून दिली.