खालची रांग

आमच्या जिमच्या दारावर तेव्हा एक पाटी होती: ‘नव्वद दिवसांत सिक्स पॅक. गॅरंटी!’ ती मीच रंगवून घेतली होती. शेवटचं उद्गारचिन्ह पेंटरने स्वतःहून घातलं आणि मला ते फार शोभून दिसलं. सिडकोतल्या त्या तळघरात मला सगळे ‘सर’ म्हणायचे. माझं शिक्षण म्हणाल तर बारावी नापास, तीन महिन्यांचा ट्रेनरचा कोर्स आणि दंडाचं माप साडेसोळा इंच. मला वाटायचं, शेवटच्या गोष्टीपुढे पहिल्या दोन कोण विचारतो?

चांदवडकडचा एक पोरगा माझ्याकडे यायचा. पोरगा कसला, सत्तावीस वर्षांचा बाप्या, सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करणारा. जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं त्याच्या मनात होतं. घरी कांद्याचं शेत सोडून ‘अंग दाखवायला’ गेला म्हणून वडील बोलत नव्हते, तेव्हा एकदा तरी मेडल घेऊन घरी जायचं, एवढीच त्याची इच्छा. खांदे उत्तम, पाठ सुरेख, मांड्या दगडासारख्या. आणि पोटावर बेंबीच्या वर चार स्पष्ट ठोकळे. बेंबीखाली मात्र सपाट मैदान.

“खालची रांग झोपलीये तुझी,” मी पहिल्याच आठवड्यात निदान केलं. “आळस आहे हा, दुसरं काही नाही.”

मग काय, लटकून पाय उचलायचे, आडवं पडून पाय उचलायचे, रोज पाचशे. त्याची रात्रपाळी असली तरी सकाळी सहाला हजर. पोट कडक झालं, वरचे चार ठोकळे आणखी उठून दिसायला लागले, पण पाचवा-सहावा काही उगवेना. मी सगळ्या बॅचसमोर त्याच्या पोटावर स्केचपेनने रेघ मारायचो आणि म्हणायचो, “इथं फट पडायला पाहिजे. पडत नाही तोवर तू कामचोर.” पोरं हसायची. तोही हसायचा, जरा कमी.

सकाळच्या बॅचला एक बाई यायच्या. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायच्या, गुडघ्यासाठी सायकल मारायच्या. एक दिवस त्यांना माझं हे स्केचपेनपुराण असह्य झालं. सायकलवरून उतरल्या आणि सरळ त्याच्याजवळ आल्या.

“झोप रे बाबा बाकावर. डोकं थोडं उचल, हां, तसंच धर.” त्यांनी बोटाने त्याच्या पोटावरून रेघ ओढली. “सर, हे सहा वेगळे स्नायू नाहीत. बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत एकच लांब पट्टा आहे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मधे ही उभी पांढरी पट्टी. आणि या ज्या आडव्या खाचा दिसतात ना, त्या पट्ट्यात आडव्या जाणाऱ्या चिवट, दोरखंडासारख्या गाठी आहेत. स्नायू फुगतो, गाठ फुगत नाही, म्हणून खाच दिसते. बहुतेकांना तीन गाठी असतात. याला दोन दिसताहेत. बेंबीखाली गाठ असणारे फार थोडे.”

“मग मेहनतीने पाडू की तिसरी,” मी छाती काढून म्हणालो.

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या आईच्या पोटातच ठरतात. किती, कुठे, डावी-उजवी एका रेषेत की वरखाली, सगळं. व्यायामाने मधला स्नायू जाड होईल, ताकद येईल, कंबरेला आधार मिळेल. वरची चरबी कमी झाली की जे आहे ते दिसेल. पण चरबीसुद्धा तुम्ही जिथे रेघ मारता तिथलीच उतरणार नाही, ती साऱ्या अंगाची उतरते. खाचा वाढवता येत नाहीत.”

अरे वा! माझ्याच जिममध्ये, माझ्याच पोरांसमोर! बाहेर पाटी, आत हे प्रवचन. मी म्हणालो, “मॅडम, पुस्तकात एक असतं, जिममध्ये एक.” बाई सायकलवर परत बसल्या. बाकावर पडलेला तो मात्र माझ्याकडे बघत राहिला.

“सर, मंग मी आळशी नाय ना?” त्याने हळूच विचारलं.

“तू पाचशेचे सातशे कर,” मी सांगितलं.

पटलं होतं मला. खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी शर्ट काढून आरशासमोर माझं पोट पाहिलं. डावीकडची खाच उजवीपेक्षा बोटभर खाली. वीस वर्षं रोज आरसा बघत होतो आणि हे दिसलं नव्हतं. पण पाटी उतरवायची म्हणजे नाक कापून घेणं, आणि माझं नाक दंडाएवढंच मोठं होतं.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत सगळे स्पर्धक तपकिरी रंग फासून उभे होते. अंगाच्या रेषा दिव्याखाली उठाव्यात म्हणून तो लावतात. कातडी पातळ दिसावी म्हणून याने तीन दिवस मीठ सोडलं होतं, आदल्या दिवसापासून पाणीही घोट-घोट. ओठ फुटलेले. मी त्याला रंग लावला, आणि मग मला ती अक्कल सुचली. गडद रंग बोटावर घेतला आणि बेंबीखाली, जिथे वर्षभर स्केचपेन चालवलं होतं तिथे, एक आडवी रेघ ओढली. दोन्ही बाजूंनी सफाईने घासली. लांबून बघा, सहा ठोकळे!

“सर, हे चालंल का?”

“गप. सगळे करतात.”

कोणी करत नव्हतं.

स्टेजवर गेला तेव्हा टाळ्या पडल्या. पोटाची पोझ आली. त्याने हात डोक्यामागे घेतले, श्वास सोडला, पोट आवळलं. वरच्या चार ठोकळ्यांच्या खाचा खोल गेल्या आणि खालची माझी रेघ होती तशीच, भिंतीवरच्या खडूच्या रेघेसारखी. पंचांपैकी एक जाडे गृहस्थ उठले, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि त्याच्या बेंबीखाली एकदा पुसलं. रुमाल तपकिरी, पोट सपाट.

“कोणी काढली ही?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याच्या कडेला उभा होतो, हात मनगटापर्यंत रंगलेले.

“मीच काढली साहेब,” तो म्हणाला.

मी हात खिशात घातले.

बाद झाला. आहेत त्या चार ठोकळ्यांनी नीट उतरला असता तर पहिल्या तिघांत होता, हे त्या पंचांनीच नंतर मला सांगितलं. वर म्हणाले, “एवढी पाठ असलेल्या माणसाला कोणी रेघोट्या शिकवल्या?” मी म्हणालो, “आजकालची पोरं, ऐकतात कुठं!” हे वाक्य माझ्या तोंडातून किती सहज आलं, ते आठवलं की आजही लाज वाटते.

परत येताना गाडीवर तो मागे बसला होता. द्वारका सर्कलच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, “सर, मेडल गेलं, जाऊ द्या. एक काम करा. उद्या सकाळी सगळ्यांसमोर एकदा सांगा की मी आळशी नव्हतो. बास.”

“सांगतो रे,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सहाला बॅच भरली. तो व्यायामाचे कपडे न घालता दाराशी उभा होता, चांदवडच्या गाडीला जायची पिशवी हातात. घरी रिकाम्या हाताने निघाला होता. बाई सायकलवर. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला.

“चला,” मी म्हणालो, “आज पायांचा व्यायाम करायचाय.”